शेअर की बाँड? जवाहर चौकातल्या एका वहिनींचा हिशोब

आपल्या समूहावर जुन्या भोपाळच्या आठवणी वाचतो तेव्हा बरं वाटतं. आज आठवणीपेक्षा थोडं कामाचं लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात जवाहर चौकातल्या निदान चार घरांतून मला एकच प्रश्न आला आहे. निवृत्तीचे पैसे शेअरमध्ये ठेवायचे की बाँडमध्ये?

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वी पडतच नसे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं आणि नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून सरकारी माणसं फायली आणि संसार घेऊन भोपाळला आली. तात्या टोपे नगरात, म्हणजे आपल्या टी. टी. नगरात, सरकारी क्वार्टर मिळाली आणि जवाहर चौक हा त्यांचा बाजार झाला. त्या पिढीला पेन्शन होतं. उरलेला पैसा पोस्टात जायचा, नाहीतर बँकेत. शेअर म्हणजे मुंबईच्या लोकांचा सट्टा, आणि बाँड हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. आता क्वार्टर पडली, मुलं पुण्या-बंगळूरला गेली, आणि घरी येणाऱ्या फोनमध्ये ‘सर, बाँड घ्या, साडेअकरा टक्के’ असं रोज ऐकू येतं. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली म्हणून लोक मला विचारतात. एका घरचा हिशोब जसा मांडला तसाच इथे मांडतो. नाव नाही सांगत, घरातल्या माणसांची परवानगी घेऊन आकडे तेवढे देतो.

आमच्या एका दिवंगत मित्राची पत्नी. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भाऊजी. वय ७१. कुटुंब पेन्शन मिळतं, त्यात घरखर्च निघतो. पण औषधं, स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, रात्री सोबतीला राहणारी मुलगी आणि डॉक्टरकडे जायचं रिक्षाभाडं धरून महिन्याला आणखी १५,००० रुपये लागतात. मागच्या सगळ्या ठेवी आणि विम्याचे पैसे मिळून हातात ३६ लाख होते. मुलगा पुण्याहून म्हणत होता, आई सगळं शेअरच्या फंडात टाक, एफडीत काही उरत नाही. दुसरीकडे एका कंपनीचा माणूस ११.२५ टक्क्यांचे बाँड घेऊन घरी दोनदा येऊन गेला होता. वहिनींनी मला एवढंच विचारलं, “भाऊजी, दोघंही आपापल्या परीनं बरोबरच बोलतात असं वाटतं. मला महिन्याचे पैसे वेळेवर हवेत आणि मुद्दल जायला नको. मग यातलं काय घेऊ?”

तर आधी शेअर आणि बाँड यांत फरक काय, तो बघू.

शेअर घेतलात की तुम्ही कंपनीचे भागीदार झालात. भागीदाराला नफ्यातला वाटा मिळतो, पण नफा झाला तर आणि संचालकांनी वाटायचं ठरवलं तर. ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. मुद्दल परत करण्याचं तर नसतंच. तुम्हाला पैसे हवे असतील तर बाजारात दुसरा घेणारा शोधायचा, त्या दिवशी तो देईल ती किंमत घ्यायची.

बाँड घेतलात की तुम्ही धनको झालात, म्हणजे उसने देणारे. किती टक्के व्याज, कोणत्या तारखेला, मुद्दल कोणत्या साली परत, हे सगळं आधी लिहून दिलेलं असतं. कंपनीला नफा झाला की तोटा, याच्याशी तुमचा संबंध नाही. ती देऊ शकली नाही तर तिला कर्ज बुडवलं असं म्हणतात. लाभांश दिला नाही तर तसं कोणी म्हणत नाही.

हा फरक पुस्तकी वाटतो, पण एप्रिल २०२० मध्ये तो सगळ्या देशानं पाहिला. कोरोना सुरू झाला आणि रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना सांगितलं की मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश द्यायचा नाही. चांगल्या, नफ्यातल्या बँकांनाही. म्हणजे जो निवृत्त माणूस बँकांच्या शेअरांवरच्या लाभांशावर घर चालवत होता त्याचा त्या वर्षाचा तो पैसा आलाच नाही. त्याच बँकांत ज्यांच्या ठेवी होत्या त्यांचं व्याज मात्र ठरल्या दिवशी जमा झालं. बँक तीच, वर्षही तेच. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, कारण एक उसने देणारा होता आणि दुसरा भागीदार.

आता मुलाचं म्हणणं घेऊ. तो चुकीचं बोलत नव्हता, पण त्याच्या वयाचं बोलत होता. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरांवर लाभांशाचं उत्पन्न बाजारभावाच्या साधारण सव्वा टक्का असतं. ३६ लाखांवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला ४५,००० रुपये, महिन्याला ३,७५० रुपये. वहिनींना हवेत १५,०००. मग उरलेल्या ११,२५० साठी दर महिन्याला थोडे शेअर विकावे लागणार. बाजार चढता असेल तेव्हा हे मजेत चालतं. बाजार पडला की पंचाईत होते.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर जाऊन आला होता. त्याच ऑक्टोबरात तो एका दिवशी ८,००० च्या खाली उतरला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१०, दिवाळी उजाडावी लागली. तरुण माणूस म्हणेल, तीन वर्षांत सगळं भरून आलं ना? ज्यानं हात लावला नाही त्याचं भरून आलं. पण ज्याला दर महिन्याला खर्चाला पैसे काढायचे होते त्याला, पूर्वी दहा शेअर विकून जे मिळत होतं त्यासाठी त्या ऑक्टोबरात पंचवीस विकावे लागत होते. ते पंधरा जादा शेअर गेले ते गेले. बाजार वर आला तेव्हा ते त्याच्याकडे नव्हते. पगार चालू असतो तेव्हा पडत्या बाजारात माणूस विकत घेतो, निवृत्त माणूस त्याच बाजारात विकतो. शेअर दोघांचे तेच, पण परिणाम उलटा. वहिनींच्या मुलाला फोनवर हे एवढंच समजावलं, तो हुशार आहे, त्याला लगेच पटलं.

मग बाँडच चांगले, नाही का? इथे जास्त सांभाळून पाय टाकावा लागतो, कारण ‘बाँड’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळा माल विकला जातो.

पहिली गोष्ट भावाची. बाजारात विकता येणाऱ्या बाँडची किंमतही खालीवर होते, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं. समजा तुम्ही सरकारचा दहा वर्षांचा, सात टक्क्यांचा, एक लाखाचा बाँड घेतला. दर वर्षी ७,००० रुपये येणार. पुढच्याच महिन्यात व्याजदर वाढले आणि सरकार तसाच नवा बाँड आठ टक्क्यांनी देऊ लागलं. आता तुमचा सात टक्क्यांचा बाँड कोणी एक लाखाला का घेईल? तो घेणारा म्हणेल, दर वर्षी हजार रुपये कमी मिळणार, ते भरून निघेल इतका भाव उतरवा. हिशोब केला तर भाव साधारण ९३,३०० रुपये येतो. उलट दर सहा टक्क्यांवर आले तर तुमच्या बाँडचा भाव १,०७,००० च्या पुढे जातो. मुदत जितकी लांब, तितका हा झोका मोठा.

पण यात शेअरपेक्षा एक मोठा फरक आहे. तुम्ही दहा वर्षं थांबलात तर मधे भाव कितीही झुलो, शेवटच्या दिवशी लाख रुपये परत येतात आणि दर वर्षीचे ७,००० येतच राहतात. शेअरला असा शेवटचा दिवस नसतो. म्हणून बाँड घेताना मुदत आपल्या गरजेशी जुळवायची. ज्या पैशाला तीन वर्षांत हात लागणार आहे तो तीस वर्षांच्या बाँडमध्ये नको, मग तो सरकारचा का असेना. आणि बाँडच्या साध्या म्युच्युअल फंडाला तर स्वतःचा असा परतफेडीचा दिवसच नसतो, आतले बाँड बदलत राहतात. तो बाँडसारखा वाटला तरी त्याच्या विवरणात कधी कधी घट दिसते, तेव्हा घाबरून जाऊ नये आणि ‘हे तर बाँड होतं’ असंही म्हणू नये.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उसने कोणाला दिलेत, आणि तो बुडाला तर रांगेत तुम्ही कुठे उभे?

कंपनी बुडाली की जे काही उरतं ते वाटायला एक रांग लागते. पुढे असतात तारण घेतलेले धनको, त्यांच्या मागे बिनतारण धनको, आणि सगळ्यात शेवटी भागधारक. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल या कंपनीचं उदाहरण घ्या. घरांना कर्ज देणारी जुनी कंपनी. तिच्या ठेवी आणि बाँड आपल्याकडेही अनेक निवृत्त मंडळींनी घेतलेले होते, कारण एफडीपेक्षा व्याज थोडं जास्त आणि पत-मानांकन सर्वात वरचं, ट्रिपल ए. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी कंपनी पैसे चुकवू लागली आणि बाजार अशा सगळ्याच कंपन्यांना घाबरला. २१ सप्टेंबर २०१८ ला डीएचएफएलचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त पडला. ट्रिपल ए मात्र पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कागदावर होतं. जून २०१९ मध्ये कंपनीनं पैसे चुकवले. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं संचालक मंडळ बाजूला केलं आणि प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं.

एकूण दावे सुमारे ८७,००० कोटींचे होते. पिरामल समूहानं ती कंपनी ३४,२५० कोटींना घेतली. तारण असलेल्या धनकोंना एकूण निम्म्याहून कमी मिळालं. ठेवीदार बिनतारण, त्यांना साधारण २३ टक्के. भागधारकांना शून्य, त्यांचे शेअर बाजारातून काढूनच टाकले. म्हणजे रांग चालली ती नियमानंच. बाँडवाल्याला शेअरवाल्यापेक्षा जास्त मिळालं हे खरं, पण निवृत्त माणसाला ‘शेअरवाल्यापेक्षा जास्त’ या समाधानावर औषधं घेता येत नाहीत.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, मानांकन हे उशिरा बदलतं. कंपनीचा शेअर कोसळला, किंवा तिचाच बाजारातला जुना बाँड आता चौदा-पंधरा टक्क्यांच्या परताव्याला मिळू लागला, तर बाजाराला काहीतरी वास लागलेला असतो. बाँड घेतल्यावर शेअरचा भावही बघत राहावं, ते यासाठी. दोन, कंपनीच्या ठेवीला बँकेच्या ठेवीसारखा विमा नसतो. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेपुरता पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. फायनान्स कंपनीच्या ठेवीला तो नाही, दोन्ही पावत्यांवर ‘मुदत ठेव’ असंच छापलेलं असलं तरी.

आणि कधी कधी रांगच उलटते. मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली. ठेवीदारांचे पैसे थोडे दिवस अडकले, पण बुडाले नाहीत. शेअर खूप पडले, पण शेअर म्हणून जिवंत राहिले. पण त्या बँकेचे ८,४१५ कोटींचे एक प्रकारचे बाँड एका निर्णयानं शून्य झाले. त्यांना एटी-वन बाँड म्हणतात. व्याज साडेनऊ आणि नऊ टक्के होतं, म्हणून आकर्षक वाटले. पण त्यांच्या कागदांतच लिहिलेलं होतं की बँक फार अडचणीत आली तर हे बाँड पुसून टाकता येतील, आणि मुद्दल परत करण्याची तारीखच नाही. सेबीच्या आदेशात नोंद आहे की वैयक्तिक ग्राहकांना हे ‘सुपर एफडी’ म्हणून विकले गेले. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये ते पुसून टाकणं रद्द ठरवलं, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी महिन्याच्या खर्चासाठी पैसे ठेवले होते त्यांची वर्षं मात्र त्या वाट पाहण्यात गेली. सेबीनं नंतर अशा बाँडची किमान रक्कम एक कोटी केली, म्हणून ते आता आपल्या घरी येणार नाहीत. पण ज्या शब्दांनी माणसं फसली ते शब्द दुसऱ्या कागदांवर येतात.

म्हणून वहिनींच्या घरी आलेल्या त्या ११.२५ टक्क्यांच्या बाँडचा कागद आम्ही दोघांनी समोरासमोर बसून वाचला. चकचकीत पत्रक नाही, त्यामागचा बारीक अक्षरांचा मूळ दस्तऐवज. सहा जागी पेन्सिलीनं खूण केली. पैसे कोण घेतो आहे? एक मध्यम आकाराची फायनान्स कंपनी, लहान दुकानदारांना बिनतारण कर्ज देणारी. मुदत किती? तीन वर्षं. तारण आहे का? ‘सिक्युअर्ड’ लिहिलेलं होतं, पण तारण काय तर त्याच दुकानदारांकडून येणं असलेली कर्जं. म्हणजे कंपनी ज्या दिवशी अडचणीत येईल त्याच दिवशी ते तारणही अडचणीत असणार. मानांकन काय? ट्रिपल बी, गुंतवणुकीच्या लायक मानल्या जाणाऱ्या श्रेण्यांतली खालून पहिली. ‘सबऑर्डिनेटेड’, म्हणजे रांगेत मागे, किंवा ‘पर्पेच्युअल’, म्हणजे मुद्दलाची तारीख नसलेला, असे शब्द आहेत का? नव्हते, तेवढं बरं. मधेच विकायचा झाला तर घेणारा मिळेल का? शेअरबाजारात नोंद होती, पण महिन्यात एकदोन व्यवहार.

मग वहिनींना मी हिशोब विचारला. दहा लाख यात घातले तर सरकारी योजनेपेक्षा वर्षाला जास्त किती मिळतात? ११.२५ वजा ८.२, म्हणजे ३.०५ टक्के. वर्षाला ३०,५०० रुपये. तीन वर्षांत ९१,५००. आणि कंपनी बुडाली तर? निम्मं परत आलं असं धरलं तरी पाच लाख गेले. म्हणजे नव्वद हजार मिळवायला पाच लाख पणाला लावायचे. वहिनी शाळेत गणित शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे व्याज नाही, हा जोखमीचा भाडेपट्टा आहे. भाडं फार कमी देतायत.” याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

शेवटी ३६ लाखांची अशी मांडणी झाली.

२० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. हा काही बाजारात विकला जाणारा बाँड नाही, पण जात तीच, सरकारला दिलेले उसने. एप्रिल २०२३ पासून यावर ८.२ टक्के मिळतं. जमा केलेल्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. दर तिमाहीला ४१,००० रुपये, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला. एका व्यक्तीला कमाल ३० लाख ठेवता येतात. मोडायची वेळ आली तर पहिल्या वर्षानंतर दीड टक्का आणि दुसऱ्या वर्षानंतर एक टक्का मुद्दलातून कापतात, म्हणजे फार मोठा दंड नाही.

६ लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजाच्या बचत बाँडमध्ये, जे बँकेतून मिळतात. यांचा दर राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा ०.३५ टक्का जास्त, सध्या ८.०५. दर सहा महिन्यांनी तो नव्यानं ठरतो, म्हणून दर वाढले तर आपलंही वाढतं, उतरले तर उतरतं. १ जानेवारी आणि १ जुलैला व्याज, दर वेळी २४,१५०. मुदत सात वर्षं, पण सत्तर ओलांडलेल्यांना पाच वर्षांनी थोडं व्याज सोडून मोडता येतात. हे बाजारात विकता येत नाहीत, म्हणून वर सांगितलेला भावाचा झोकाही यांना नाही.

दोन्ही मिळून वर्षाला २,१२,३०० रुपये, महिन्याला साधारण १७,७००. व्याज करपात्र आहे, पेन्शनमध्ये मिळवून धरावं लागतं, म्हणून हवे होते त्यापेक्षा थोडे जास्त धरले.

४ लाख बँकेच्या साध्या मुदत ठेवीत, विम्याच्या पाच लाखांच्या आत. रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर योजना मोडायची वेळ येऊ नये म्हणून.

उरले ६ लाख. ते मुलाच्या म्हणण्याप्रमाणे शेअरमध्ये, पण मोठ्या पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकाच्या साध्या फंडात. हे का? कारण बाँड मुद्दलाचे रुपये सांभाळतो, रुपयाची किंमत नाही. महागाई सहा टक्क्यांची धरली तर आजचे १५,००० बारा वर्षांनी ३०,००० होतात. वहिनी तेव्हा ८३ च्या असतील. पोस्टाचे ४१,००० तेव्हा वाढून ८२,००० होणार नाहीत. उलट पाच वर्षांनी पैसे पुन्हा गुंतवताना दर उतरलेलाही असू शकतो. २०२० मध्ये याच ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर ७.४ वर आला होता. त्या दरानं वीस लाखांवर वर्षाला १६,००० कमी येतात. ही बाँडची खरी उणीव आहे, आणि ती भरून काढायला थोडे शेअर लागतात. पण थोडेच.

थोडे म्हणजे किती, याची आम्ही एकच कसोटी लावली. बाजार निम्मा झाला तर वहिनींच्या महिन्याच्या पैशात एक रुपयाही कमी व्हायला नको. सहा लाखांचे तीन लाख झाले तर वाईट वाटेल, पण बाई, औषधं, सोबतीची मुलगी, सगळं चालू राहील, आणि पडत्या बाजारात काही विकावं लागणार नाही. चार-पाच वर्षांनी फंड चांगला वाढला असेल तर वाढलेला भाग काढून सरकारी बाँडमध्ये घालायचा, म्हणजे महिन्याचं उत्पन्न थोडं चढेल.

ज्यांना मुळात पेन्शनच नाही त्यांनी ही मांडणी जशीच्या तशी उचलू नये. त्यांचा दवाखान्याचा भाग मोठा हवा आणि शेअरचा याहून लहान. ज्यांचं पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत जातं त्यांच्या घरी महागाईची काळजी थोडी पेन्शनच वाहतं. आकडे ज्याच्या त्याच्या घरचे. पण कोणी कागद घेऊन आलं तर आधी विचारा, मी यात भागीदार होतोय की उसने देतोय? उसने देत असेन तर कोणाला, किती वर्षांसाठी, आणि रांगेत कुठे? याची उत्तरं लेखी मिळेपर्यंत सही करू नका.

जुलैचं पहिलं व्याज वहिनींच्या खात्यात आलं. त्यांनी पासबुक भरून आणलं, तारखेखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि पुढच्या ऑक्टोबरची तारीख शेजारी लिहून ठेवली. ज्यांच्या घरी असा काही कागद पडून असेल आणि त्यातला एखादा शब्द अडत असेल त्यांनी इथे विचारावं. जेवढं कळतं तेवढं सांगेन.